कार्डाच्या समासात लिहिलेली तारीख

‘८/४/२४. संक्रांतीपासून उजव्या हातातून कोयता निसटतो.’

कुष्ठरुग्णाच्या उपचार कार्डावर, औषधांच्या चौकटींच्या बाहेर, डाव्या समासात तिरक्या अक्षरात लिहिलेली ही एक ओळ. कार्डावर रुग्णाचं वय आहे, चट्ट्यांची संख्या आहे, हातापायांच्या आकृत्या आहेत, बारा मात्रांच्या बारा चौकटी आहेत. मात्र हाताचा जोर नेमका कधी कमी झाला, हे लिहायला कार्डावर रकाना नाही. तपासणाऱ्याला ते लिहावंसं वाटलं, म्हणून त्याने समासात लिहिलं. हे कार्ड संगणकात भरणारा माणूस फक्त रकाने भरत गेला, तर सर्वांत मोलाची नोंद बाहेर राहते आणि ती राहिल्याचं कुणाला कळतही नाही.

आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रांत, जिल्ह्याच्या कुष्ठरोग कार्यालयांत आणि जुन्या कुष्ठधामांत अशा कार्डांचे आणि नोंदवह्यांचे गठ्ठे आहेत. नवे रुग्ण आता ‘निकुष्ठ’ या सरकारी संगणकप्रणालीत नोंदले जातात, पण नसांची तपासणी आजही बहुतेक ठिकाणी आधी कागदावरच उतरते. त्या कागदावरून विश्वासाने वापरता येईल अशी नोंद कशी तयार करायची, हे एका कार्डाच्या आधाराने पाहू. हे कार्ड कुणा एका माणसाचं नाही. अनेक कार्डांवर आढळणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते उभं केलं आहे, जेणेकरून कुणाची ओळख उघडी पडू नये.

रुग्ण बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार, वय ३२. निदान १२ जून २०२३ रोजी झालं. अंगावर सात चट्टे, उजव्या कोपराच्या आतल्या बाजूची नस जाड झालेली. पाचपेक्षा जास्त चट्टे असल्याने तो ‘सांसर्गिक’ म्हणजे एमबी गटात गेला आणि त्याला बारा महिन्यांचा उपचार सुरू झाला. गटाचं नाव ऐकून घरचे धास्तावतात, पण पहिल्या मात्रेनंतर अशा माणसापासून इतरांना संसर्ग होण्याची शक्यता फार थोडी उरते.

कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती नस हीच. डॉक्टर तिला अल्नर नस म्हणतात. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचा तुलनेने थंड भाग मानवतो आणि ही नस तिथे कातडीच्या अगदी जवळून जाते. शरीराची प्रतिकारशक्ती नसेतल्या जंतूंवर चालून गेली की नस सुजते, अरुंद जागेत दाबली जाते आणि तिचं काम थांबू लागतं. याला रिअॅक्शन म्हणतात. ती औषध सुरू होण्याआधी, चालू असताना किंवा पूर्ण झाल्यावरही येऊ शकते. पुष्कळदा नस दुखते, पण काही वेळा काहीही न दुखता तिचं काम जातं. म्हणून रुग्णाची तक्रार नसली तरी ठरावीक काळाने प्रत्येक नस तपासायची असते.

ही तपासणी दोन प्रकारची. पहिली स्नायूंच्या जोराची. रुग्णाला करंगळी बाहेर ताणायला सांगायचं, अंगठा वर करायला, मनगट आणि पाऊल वर उचलायला, डोळे घट्ट मिटायला सांगायचं आणि तपासणाऱ्याने बोटाने उलटा दाब देऊन पाहायचं. जोर पूर्ण असेल तर कार्डावर इंग्रजी एस, कमी असेल तर डब्ल्यू, हालचालच होत नसेल तर पी. दुसरी तपासणी संवेदनेची. रुग्णाचे डोळे मिटलेले असतात. तळहात आणि तळपायाच्या ठरलेल्या बिंदूंवर बॉलपेनचं टोक त्वचा किंचित दबेल इतकंच टेकवायचं आणि कुठे लागलं ते त्याने दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवायचं. काही दवाखान्यांत पेनाऐवजी ठरावीक वजनाला वाकणारे नायलॉनचे तंतू वापरतात. त्याने मोजमाप जास्त अचूक होतं.

आता या रुग्णाच्या कार्डावरच्या नोंदी. १२ जून २०२३ला दोन्ही करंगळ्यांचा जोर पूर्ण, तळहातावरचे सगळे बिंदू जाणवले. ४ सप्टेंबरला पुन्हा तसंच. २ ऑक्टोबरला तो औषधाला आला, पण नसांचे रकाने रिकामे. दिवाळीआधी टोळीसोबत कारखान्यावर जायचं होतं, त्या घाईत तपासणी झाली नसावी. पुढची तपासणी थेट ८ एप्रिल २०२४ची. उजव्या करंगळीचा जोर कमी, तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूचे तीन बिंदू बधीर. प्रेडनिसोलोन सुरू. २९ जुलैला जोर पूर्ण, तीनपैकी दोन बिंदू परत आले, एक बधीरच राहिला.

नस निकामी होऊ लागल्याला सहा महिने व्हायच्या आत प्रेडनिसोलोन सुरू झालं, तर गेलेलं काम परत येण्याची आशा असते. त्याहून जुन्या हानीत या औषधाचा उपयोग थोडा आणि दुष्परिणाम मात्र ठरलेले. त्यामुळे डॉक्टरला आधी हे ठरवावं लागतं की जोर कधी गेला. तपासणीच्या तारखा पाहिल्या तर उत्तर धूसर आहे. ४ सप्टेंबरला नस चांगली होती, ८ एप्रिलला बिघडलेली, मधे सात महिने. सहा महिन्यांची मर्यादा या सात महिन्यांत कुठे बसते हे कळायला समासातली ओळच लागते. संक्रांत त्या वर्षी १५ जानेवारीला होती. तिथून ८ एप्रिलपर्यंत बारा आठवडे. कोयता निसटू लागला तो दिवस आणि तपासणीचा दिवस यांच्यातलं हे अंतर मर्यादेच्या बरंच आत होतं, म्हणूनच गोळ्या सुरू झाल्या.

हे कार्ड ‘एका रुग्णाला एक ओळ’ अशा तक्त्यात भरून पाहू. सुरुवातीचा जोर: पूर्ण. शेवटचा जोर: पूर्ण. सुरुवातीची विकृतीची श्रेणी: शून्य. उपचार: पूर्ण. या ओळीत रुग्णाला काहीच झालेलं दिसत नाही. उपचार चालू असताना त्याची नस गेली, वेळेत धरली आणि बरीचशी परत आणली, हा सगळा मधला भाग गायब. जिल्ह्याच्या अहवालात नव्या रुग्णांपैकी किती जणांना निदानाच्या वेळी दिसणारी विकृती होती, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. निदानानंतर झालेली हानी त्या आकड्यात येतच नाही. ती फक्त कार्डाच्या मधल्या रकान्यांत असते.

म्हणून नोंद भरताना रुग्णाला एक ओळ द्यायची नाही, प्रत्येक तपासणीला एक ओळ द्यायची. मूळ तक्ता चार भागांचा: रुग्ण, नसांच्या तपासण्या, चट्टे, मात्रा. चारही भाग एकाच नोंदणी क्रमांकाने बांधलेले. नसांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत तपासणीची तारीख, कोणती नस, उजवी की डावी आणि जे दिसलं ते. शेजारी एक मोकळा रकाना, ज्यात समासातलं, कार्डाच्या पाठीमागचं, तिरकं लिहिलेलं सगळं जसंच्या तसं उतरवायचं. रुग्णाने सांगितलेली सुरुवात वेगळ्या रकान्यात, त्याच्याच शब्दांत. ‘संक्रांतीपासून’ असं लिहिलं असेल तर तेच ठेवायचं, १५ जानेवारी ही तारीख शेजारच्या रकान्यात काढायची आणि ती अंदाजाची आहे असं नोंदवायचं. गावाकडे माणसं आखाजी, पोळा, यात्रा, पहिला पाऊस अशाच खुणांनी आजार सांगतात. त्या खुणांत अख्खा इतिहास असतो.

२ ऑक्टोबरचे रिकामे रकाने कसे भरायचे, यावर माझं मत ठाम आहे. ‘तपासले नाही’ असंच भरायचं. तक्ता भरणाऱ्याला रिकामी जागा सहन होत नाही. आधीचं पूर्ण आहे, काही तक्रार लिहिलेली नाही, मग इथेही पूर्णच असणार, असं धरून तो एस लिहून मोकळा होतो. त्याने न केलेली तपासणी कागदावर केलेली होते आणि पुढे कुणीतरी त्या जिल्ह्यात नसा किती नियमितपणे तपासल्या जातात हे मोजायला बसलं, तर खोटं समाधान मिळतं. ‘तपासले नाही’ आणि ‘वाचता येत नाही’ ही दोन उत्तरं प्रत्येक रकान्यात हवीतच. भरून झालेल्या शेकडो कार्डांत ही उत्तरं एकदाही आली नाहीत, तर कुणीतरी अंदाज भरले आहेत असं समजून गठ्ठा पुन्हा काढावा.

अक्षरांचे घोळ वेगळेच. इंग्रजी एस आणि आकडा पाच हाताने घाईत लिहिले की सारखे दिसतात. काही तपासनीस जोर शून्य ते पाच असा आकड्यांत लिहितात आणि तिथे पाच म्हणजे पूर्ण, त्यामुळे ही चूक योगायोगाने खपून जाते. पण एकाच कार्डावर आधी अक्षरं आणि कर्मचारी बदलल्यावर आकडे आले, तर तीन म्हणजे डब्ल्यू असं परस्पर बदलू नये. कागदावर जे आहे ते उतरवावं, कोणत्या पद्धतीने लिहिलं आहे ते शेजारी नोंदवावं आणि जुळवणी नंतर वेगळ्या रकान्यात करावी. मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळलेली कार्डं तर नेहमीचीच. घाईतला मराठी १ इंग्रजी नऊसारखा वाचला जातो, मराठी ५ इंग्रजी चारसारखा. चट्टे पाच की चार याने फरक पडत नाही, पण तारखेत पडतो. संवेदनेच्या खुणांचंही तसंच. बहुतेक कार्डांवर बरोबरची खूण म्हणजे जाणवलं आणि फुली म्हणजे बधीर. पण काही जण फक्त बधीर बिंदूवरच खूण करतात, तीही बरोबरची. म्हणून कार्डाच्या कोपऱ्यातली खुणांची चावी आधी वाचायची आणि तीच तपासनीसाच्या इतर कार्डांशी ताडून पाहायची.

आता चट्ट्यांचा नकाशा. कार्डावर माणसाची पुढून आणि मागून अशी दोन चित्रं असतात. पुढच्या चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याचा उजवा हात कागदाच्या डाव्या बाजूला येतो. मागच्या चित्रात उजवा हात उजवीकडेच. नकाशा भरताना सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि त्या उलटसुलट होतात, म्हणजे पुढचे चट्टे चुकीच्या बाजूला आणि मागचे बरोबर. या रुग्णाच्या पुढच्या चित्रात कागदाच्या डाव्या बाजूला, कोपराजवळ एक मोठा चट्टा काढलेला आहे, म्हणजे उजव्या कोपराचा. भरणाऱ्याने तो डाव्या हाताचा म्हणून उतरवला, तर तक्त्यात डाव्या कोपरावर चट्टा आणि उजव्या कोपराची नस जाड असं दिसेल. एखाद्या नसेच्या वरच चट्टा असेल तर त्या नसेला धोका वाढतो, हे कुष्ठरोगाचं काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे चट्टा एका बाजूला आणि जाड नस दुसऱ्या बाजूला, अशी नोंद आली की ती चूकच असेल असं नाही, पण मूळ कार्ड पुन्हा काढून पाहायला हवं.

नकाशा भरताना शरीराचे ठरावीक भाग करून प्रत्येक चट्ट्याला वेगळी ओळ दिली तर काम सोपं होतं. भाग, बाजू, पुढे की मागे, अंदाजे आकार, फिकट की लालसर, बधीर आहे की नाही. मग चित्रातली वर्तुळं मोजायची आणि कार्डावर आकड्यात लिहिलेल्या संख्येशी ताडायची. आपल्या कार्डावर आकडा सात, पण वर्तुळं सहाच दिसतात. सातवं पाठीवर होतं, घडीच्या जागी शाई पुसली गेलेली. सहा आणि सात दोन्ही सांसर्गिक गटातच येतात, म्हणून इथे उपचार बदलत नाही. पाच आणि सहामध्ये हीच गडबड झाली असती तर सहा महिन्यांचा उपचार की बारा महिन्यांचा, हा प्रश्न उभा राहिला असता. अशा वेळी कार्डाचा फोटो नोंदीला जोडलेला असेल तर वाद मिटतो. फोटोशिवाय भरलेली नोंद माझ्या दृष्टीने अर्धीच.

हा नकाशा पुढे लागणार असतो. उपचार पूर्ण झाल्यावरही चट्टे लगेच जात नाहीत, काही वर्षानुवर्षं फिकट राहतात. जंतू मेलेले असतात, त्वचेचा रंग मात्र परतलेला नसतो. दोन वर्षांनी रुग्ण ‘चट्टा आला’ म्हणून येतो, तेव्हा तो जुनाच आहे की नवा, हे जुन्या नकाशाशिवाय सांगता येत नाही. नवा असेल तर आजार उलटला आहे की रिअॅक्शन आहे, हे ठरवावं लागतं.

शेवटी मात्रा. दर अठ्ठावीस दिवसांना एक पाकीट. पहिल्या दिवसाचा डोस समोर घ्यायचा, त्यात रिफॅम्पिसिन आणि जास्त प्रमाणातलं क्लोफाझिमिन. उरलेल्या दिवसांच्या गोळ्या घरी. आपल्या रुग्णाच्या पहिल्या चार चौकटींत १२ जून, १० जुलै, ७ ऑगस्ट, ४ सप्टेंबर. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या चौकटीत एकच तारीख, २ ऑक्टोबर. नवखा भरणारा याला चूक समजतो आणि सहावी-सातवी तारीख अठ्ठावीस दिवसांनी पुढे सरकवून ‘दुरुस्त’ करतो. खरं तर स्थलांतर करणाऱ्या रुग्णाला तीन पाकिटं एकदम दिली होती. म्हणून मात्रांच्या तक्त्यात पाकीट दिल्याची तारीख, किती पाकिटं, समोर घेतली की सोबत नेली, असे वेगळे रकाने हवेत. ती पाकिटं २५ डिसेंबरला संपली. तो परतला ८ एप्रिलला. मधले सुमारे साडेतीन महिने औषध नव्हतं. आठवं पाकीट ८ एप्रिल, मग ६ मे, ३ जून, १ जुलै आणि बारावं २९ जुलै.

हा उपचार पूर्ण झाला का? हो. सांसर्गिक गटासाठी बारा मात्रा अठरा महिन्यांत व्हायला हव्यात. अठरा महिने १२ डिसेंबर २०२४ला संपत होते आणि बारावं पाकीट २६ ऑगस्टला संपलं. फक्त महिने मोजले असते तर चौदा महिने झाले म्हणून कुणी ‘अनियमित’ लिहिलं असतं. फक्त चौकटी मोजल्या असत्या तर साडेतीन महिन्यांचा खंड दिसला नसता आणि नस नेमकी त्याच काळात बिघडली, हेही कुणाच्या ध्यानात आलं नसतं. जुन्या कार्डांच्या बाबतीत आणखी एक काळजी. उपचार पूर्ण झाल्याचा नियम काळानुसार बदललेला आहे. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१मध्ये केली. सुरुवातीच्या काळात सांसर्गिक रुग्णांना किमान चोवीस मात्रा द्यायच्या होत्या. बारा मात्रा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आल्या. त्याच सुमारास एकच चट्टा असलेल्यांना एकाच मात्रेचा उपचारही काही वर्षं दिला गेला. अशा रुग्णाच्या कार्डावर एकच चौकट भरलेली असते आणि तो उपचार पूर्ण असतो. भारतात असांसर्गिक रुग्णांना एप्रिल २०२५पासून दोनऐवजी तीन औषधं देण्याचं ठरलं. म्हणून ‘पूर्ण’ हा शेरा संगणकाने एकाच सूत्राने काढू नये. निदानाचं वर्ष पाहून त्या वर्षीचा नियम लावावा.

या सगळ्यात नाव कुठे? नाव, गाव आणि फोन वेगळ्या तक्त्यात, कुलूपबंद. नसा, चट्टे आणि मात्रांच्या तक्त्यांत फक्त क्रमांक. कार्डाचे फोटो काढतानाही नावाची पट्टी झाकायची. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या व्यक्तिगत कायद्यांत २०१९पर्यंत होतं. कायदा बदलला तरी टोळीत, मुकादमाच्या कानावर, लग्नाच्या बोलण्यात ही बातमी आजही माणसाचं काम आणि घर दोन्ही मोडू शकते.

भरून झालेली नोंद पडताळायची रीत साधी आहे. दहा कार्डांतलं एक, दुसऱ्या माणसाने मूळ कागदावरून, पहिली नोंद न पाहता पुन्हा भरायचं आणि दोन्ही ताडायच्या. जिथे फरक येतात ते रकाने बहुधा ठरलेले असतात: बाजू, तारीख, बधीर बिंदू. त्या रकान्यांची सगळी कार्डं पुन्हा पाहायची. एखाद्या रुग्णाची करंगळी एका तपासणीत पूर्ण निकामी आणि पुढच्याच महिन्यात पूर्ण चांगली दिसली, तर कागद काढायचा. एखाद्या नोंदवहीत सगळ्या मात्रा दर महिन्याच्या त्याच तारखेला पडल्या असतील, तर त्या नंतर एकदम बसून लिहिल्या असाव्यात, हेही नोंदवायचं. दुरुस्ती मूळ नोंद न खोडता करायची, कोणी केव्हा केली त्यासह.

बारावं पाकीट संपलं की कार्डावर ‘उपचारमुक्त’ असा शिक्का पडतो आणि बहुतेक कार्डांवर त्या दिवशीची नसांची तपासणी रिकामीच असते. आपल्या रुग्णाचंही तसंच, शेवटची तपासणी २९ जुलैची. पण ज्या नसेला एकदा सूज आली तिला पुन्हा येऊ शकते आणि हा माणूस ऑक्टोबरमध्ये पुन्हा फडावर जाणार आहे. त्यामुळे नव्या तक्त्यात त्याची ओळ शिक्क्यावर बंद करायची नाही. पुढच्या तपासणीच्या रकान्यात तो निघण्याआधीची तारीख घालायची, उजवी अल्नर असं नाव घालून, आणि ती तारीख त्याच्या गावच्या आशाताईंच्या यादीत जाईल अशी सोय करायची.